एक कीबोर्ड-माऊस, दोन कॉम्प्युटर: केव्हीएम स्विचचा अनुभव

बोरिवलीच्या आमच्या घरात कामाचं टेबल एकच मावतं. त्यावर ऑफिसचा लॅपटॉप आणि माझा डेस्कटॉप दोन्ही हवेत, म्हणून पावसाळ्याआधी लॅमिंग्टन रोडवरून दोन कॉम्प्युटरचा एचडीएमआय केव्हीएम स्विच आणला, म्हणजे एकच मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस दोन कॉम्प्युटरना आळीपाळीने जोडणारा डबा. दिवाळीनंतरही तो रोज वापरात आहे आणि मला आवडतो. पण घेण्याआधी एक गोष्ट समजून घ्या: साध्या स्विचचं बटण दाबलं की एका कॉम्प्युटरमधून मॉनिटर, कीबोर्ड, माऊस उपटून दुसऱ्याला लावल्यासारखं होतं. बहुतेक अडचणी तिथूनच येतात.

सर्वांत त्रास झाला तो खिडक्यांचा. लॅपटॉपवर काम करताना मोठ्या मॉनिटरवर एक्सेल आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर मेल असतो. मी डेस्कटॉपकडे वळले की लॅपटॉपला मॉनिटर गेला असं वाटतं, आणि एक्सेल त्याच्या छोट्या स्क्रीनवर येऊन बसतं. मॉनिटर आपलं रिझोल्यूशन वगैरे कॉम्प्युटरला कळवतो, त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. महागडे स्विच ती साठवून दोन्ही कॉम्प्युटरना सतत देत राहतात. माझा देत नाही. विंडोज ११ मध्ये Settings > System > Display > Multiple displays इथे "Remember window locations based on monitor connection" चालू केल्यावर परतल्यावर खिडक्या बऱ्याचदा जागेवर येतात, नेहमी नाही.

शेवटी मी दोन्ही कॉम्प्युटरच्या एचडीएमआय केबल थेट मॉनिटरच्या दोन इनपुटना लावल्या आणि स्विचवर फक्त कीबोर्ड-माऊस ठेवले. माझा मॉनिटर न वापरलेल्या इनपुटलाही आपली माहिती देत राहतो, त्यामुळे खिडक्या हलत नाहीत. सगळे मॉनिटर असं करत नाहीत, आधी तपासा. बदल्यात मॉनिटरचं बटण वेगळं दाबावं लागतं, ते मला चालतं.

कीबोर्डचंही बघून घ्या. माझ्या स्विचला कीबोर्डसाठी खास पोर्ट आहे. त्यात लावला तर Scroll Lock दोनदा दाबून कॉम्प्युटर बदलता येतो आणि बदल लगेच होतो, पण आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणांसारखी जादा बटणं चालत नाहीत. साध्या यूएसबी पोर्टमध्ये ती चालतात, मात्र शॉर्टकट जातो आणि दर वेळी यूएसबी लावल्याचा तो आवाज ऐकून एक-दोन सेकंद थांबावं लागतं. मी खास पोर्टच वापरते.

त्याच यूएसबी पोर्टना पेनड्राइव्ह लावून फाइल कॉपी चालू असताना स्विच बदलू नका. जोडणी तुटते आणि फाइल अर्धवट राहते. आणि एका कॉम्प्युटरवर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्ट होईल अशी अपेक्षा ठेवू नका. हा स्विच फक्त तारा बदलतो, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी जोडत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसल्याने माझ्यासाठी तेच सोयीचं आहे.