‘अक्षरवेल’, ‘देवनागरी कीबोर्ड’ की ‘मराठी लिहा’? कीबोर्ड अ‍ॅपच्या नावांची तुलना

फोनसाठी मराठी टंकनाचे अ‍ॅप तयार करून त्याला नाव शोधणाऱ्यांपुढे साधारणपणे तीन वाटा असतात: नवा, श्रुतिमधुर शब्द घडवणे, लिपीचे नाव वापरणे, किंवा ते अ‍ॅप ज्यासाठी आहे ते काम सांगणे. या तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत. माझ्या छोट्या कीबोर्डचे पहिले नाव ‘अक्षरवेल’ होते आणि त्या नावाचा मला बराच काळ अभिमानही होता.

घडवलेले नाव वाईटच असते असे नाही. आयआयटी मुंबईच्या कीबोर्डचे ‘स्वरचक्र’ हे नाव फार नेमके आहे, कारण त्यात व्यंजनाला बोट लावले की त्याभोवती स्वरचिन्हांचे चक्र उघडते. मात्र या नावाची गंमत कीबोर्ड वापरल्यानंतर कळते, आणि आपल्याला तर अ‍ॅप अजून बसवलेलेही नसलेल्या माणसाशी बोलायचे असते.

माझा निर्णय ज्या अडचणीमुळे झाला, ती तशी क्षुल्लक वाटेल. अँड्रॉइडवर कीबोर्ड नुसता उतरवून चालत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तो सुरू करावा लागतो. त्या वेळी फोन एक इशारा दाखवतो की हा कीबोर्ड तुम्ही लिहिलेला सर्व मजकूर, अगदी पासवर्ड आणि क्रेडिट कार्डाचे क्रमांकसुद्धा, गोळा करू शकेल, आणि तो अमुक अ‍ॅपकडून आला आहे. हा इशारा प्रत्येक बाहेरच्या कीबोर्डला दिसतो आणि तो टाळता येत नाही. अमळनेरच्या माझ्या काकांना मी अ‍ॅप बसवून देत असताना त्यांनी हा मजकूर सावकाश वाचला, ‘अक्षरवेल’ या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘हाई अक्षरवेल काय शे, भाऊ?’’ मी समजावून सांगितले, परंतु त्यांनी तोवर ‘रद्द करा’ दाबले होते. पासवर्डाची भीती आणि अनोळखी नाव एकाच चौकटीत आले, तर माणूस मागे हटणारच. त्यानंतर आणखी तीन-चार जणांच्या बाबतीत मला हेच दिसले. ही काही मोजणी नव्हे, पण माझ्यापुरते तेवढे पुरेसे होते.

‘देवनागरी कीबोर्ड’ हे नाव त्या चौकटीत बरेच सुसह्य वाटते आणि ते अचूकही आहे. धुळे-जळगावकडे याच लिपीत मराठीबरोबर अहिराणी लिहिली जाते, शिवाय व्यापाऱ्यांचा हिंदी पत्रव्यवहारही असतो, त्यामुळे या नावात कोणीही वगळले जात नाही. अडचण एवढीच की कोणी ‘मला देवनागरीत लिहायचे आहे’ असे म्हणत नाही. ‘मराठीत कसे लिहायचे?’ असेच विचारतात. रोमन लिपीत तर हा शब्द कोणी Devnagari तर कोणी Devanagri असा लिहितो, आणि ज्याच्या फोनवर अजून मराठी कीबोर्डच नाही, त्याला शोध रोमनमध्येच घ्यावा लागतो.

म्हणून माझा कल हळूहळू ‘मराठी लिहा’कडे झुकला. इशाऱ्याच्या चौकटीत हे नाव स्वतःच आपली ओळख सांगते. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजूनही ते दहा अक्षरांत बसते, त्यामुळे फोनवर अ‍ॅपच्या चिन्हाखाली ते सहसा तुटत नाही. प्ले स्टोअरवरील शीर्षकाला 30 अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर दिसणारे नाव त्याहून वेगळे ठेवता येते, म्हणून तेथे मी ‘मराठी लिहा: देवनागरी कीबोर्ड’ असे लिहिले, ते 28 अक्षरांत मावले आणि लिपीचे नावही राहिले. इंग्रजी फोनवाल्यांसाठी मात्र Marathi Liha: Devanagari Keyboard हे 33 वर गेले, तेव्हा Marathi Liha: Typing Keyboard असे 29 अक्षरांचे शीर्षक स्वीकारले. ‘सोपा’ हा शब्द मी मुद्दामच टाळला, कारण तो कोणीही लावतो आणि कोणाला पटत नाही. सोपेपणा सुचवण्यासाठी चिन्हावर ‘ळ’ काढला. हिंदीसाठी घडवलेल्या कीबोर्डवर ‘ळ’ शोधत बसलेल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो.

या नावाची किंमतही आहे, ती लपवू नये. अहिराणीत कविता लिहिणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी, यात अहिराणी लिहिता येत नाही का, असे विचारले. येते, कारण लिपी तीच, पण नाव तसे सांगत नाही. ज्यांचे वापरकर्ते प्रामुख्याने अनेक भाषांत लिहितात, त्यांनी ‘देवनागरी’ पुढे ठेवणे कदाचित अधिक योग्य ठरेल. मी मात्र वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ‘मराठी, अहिराणी आणि हिंदी’ असे लिहिले आणि नाव तसेच ठेवले. काकांच्या फोनवर तो कीबोर्ड आता सुरू आहे. इशारा त्यांनी दुसऱ्यांदाही पूर्ण वाचला, पण या वेळी काही विचारले नाही.