मुका झालेला फ्रिज: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

तीन महिन्यांच्या वापरानंतर मी या फ्रिजला पाचपैकी पाच तारे दिले होते आणि कारण लिहिले होते की आवाज अजिबात येत नाही. चौदाव्या महिन्यात तो खरोखरच मुका झाला, आणि त्या शांततेची किंमत मला १,६५० रुपये पडली. म्हणून हा दुसरा अभिप्राय.

सुरुवात दुधाने झाली. सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळी फाटले, तेव्हा मुंबईचा जून आहे म्हणून आम्ही सोडून दिले. दुसऱ्या दिवशी इडलीचे पीठ फ्रिजमध्ये असूनही फसफसून डब्याबाहेर आले. फ्रीझरमध्ये मात्र मागच्या भिंतीला टेकलेला बर्फाचा ट्रे घट्ट होता आणि दाराजवळचे मटार मऊ पडले होते. त्या मागच्या पांढऱ्या पॅनेलवर बोटभर जाडीचा बर्फ चढला होता. फ्रॉस्ट फ्री म्हणून चार हजार रुपये जास्त मोजलेल्या फ्रिजमध्ये असा बर्फ पाहून माझा संताप झाला. आई शांतपणे म्हणाली, "अरे, रात्री याची घरघर येत नाही हल्ली."

घरातले खरे निदान तिथेच झाले होते, पण ते कळायला मला चार दिवस लागले. या प्रकारच्या फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल फक्त फ्रीझरच्या पॅनेलमागे असते आणि तिथली गार हवा खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचवण्याचे काम एक छोटा पंखा करतो. तो थांबला की कॉइल गार होतच राहते, पण गारवा तिथेच अडकतो. खालचा कप्पा कोमट होतो आणि कॉम्प्रेसर बिचारा थांबायचे नाव घेत नाही.

गल्लीतल्या मेकॅनिकने पॅनेल न उघडताच "गॅस कमी झालाय" असे सांगून २,८०० रुपये मागितले. इथे माझा कंजूषपणा कामी आला. मी पॅनेल उघडून दाखवायला सांगितले. प्लग काढून त्याने चार स्क्रू सोडवले, तर कॉइल वरपासून खालपर्यंत सारखीच बर्फाने झाकलेली होती. गॅस कमी असता, तर बहुधा कॉइलच्या एका टोकालाच बर्फ धरला असता आणि बाकीचा भाग कोरडा राहिला असता. मेकॅनिक ओशाळला आणि चहा न घेताच गेला.

तरीही एक प्रश्न उरला: पंखा थांबला म्हणून बर्फ साचला, की बर्फ साचला म्हणून पंखा अडकला? बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला, तरी कॉइलवर बर्फ वाढत जाऊन पंख्याची पाती अडतात. अनेकदा त्याआधी पाती घासल्याचा खरखर आवाज येतो. तसा आवाज आमच्याकडे कोणी ऐकला नव्हता. खात्रीसाठी प्लग काढून, दोन्ही दारे उघडी टाकून, खाली जुने टॉवेल अंथरून फ्रिज रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसाच ठेवला. सुरीने बर्फ खरवडण्याचा मोह टाळा, कारण कॉइलला भोक पडले तर नव्या फ्रिजमधला ज्वलनशील गॅस सुटतो.

पॅनेल पुन्हा बसवून फ्रिज चालू केल्यावर अर्धा तास थांबलो, कारण बर्फ वितळवण्याच्या वेळी आणि त्यानंतर थोडा वेळ पंखा मुद्दामच बंद ठेवलेला असतो. मग फ्रीझरचे दार उघडून चौकटीतले बटण बोटाने दाबून धरले. दार उघडताच पंखा थांबतो, म्हणून ही युक्ती. (काही मॉडेलमध्ये बटणाऐवजी चुंबक असतो, तिथे ती चालत नाही.) कॉम्प्रेसर चालू होता, पण पंख्याचा आवाज नाही. पंखा सुरू होऊन आठवड्याभरात पुन्हा थांबला असता, तर हीटरकडे बोट दाखवता आले असते. इथे मोटरच संशयित ठरली.

इथपर्यंत मी कंपनीला शिव्या देत होतो. कंपनीचा तंत्रज्ञ आल्यावर मत थोडे निवळले. त्याने मीटर लावून पंख्याच्या जोडणीवर १२ व्होल्ट येत असल्याचे दाखवले, म्हणजे बोर्ड ठीक होता. पाती बोटाने फिरवली तर ती जड आणि अडखळत फिरत होती. नवी मोटर २५ मिनिटांत बसली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत खालचा कप्पा १४ अंशांवरून ४ अंशांवर आला.

बिल हाती आल्यावर मत पुन्हा फिरले. दहा वर्षांची वॉरंटी केवळ कॉम्प्रेसरची, पंख्याची एकाच वर्षाची, आणि ते दोन महिन्यांपूर्वी संपले होते. मोटरचे १,२०० आणि भेटीचे ४५० रुपये मी भरले, म्हणून आता तीन तारे. जुनी मोटर मागून घेतली आहे. आई आता रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन घरघर ऐकून येते.