मी चोर दुकानात शोधत राहिले, माल दारातूनच कमी येत होता

ज्यांचं छोटं-मोठं दुकान आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचं नुकसान झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे मी एका प्रामाणिक मुलावर आठ-नऊ महिने संशय घेतला. तुमच्या हातून तसं होऊ नये.

वर्षअखेरीच्या मोजणीत पुस्तकातला साठा आणि प्रत्यक्ष माल यांत विक्रीच्या 2.3 टक्के तूट निघाली. आदल्या वर्षी ती 0.8 टक्के होती. आकडा ऐकायला लहान वाटतो, पण हिशेब करून पाहा. एखाद्या वस्तूवर विक्रीकिंमतीच्या 10 टक्के नफा सुटत असेल, तर एक नग गेला की त्याची खरेदीकिंमत भरून काढायला तेच 9 नग विकावे लागतात. तूट नफ्यातूनच जाते.

आकडा पाहिल्याबरोबर माझ्या मनात पहिला शब्द आला तो चोरी. नवा मुलगा कामाला लागून वर्ष झालं होतं, तूटही त्याच वर्षी वाढली होती. मी कॅमेरा त्याच्या कपाटाकडे वळवला. संध्याकाळी निघताना त्याची पिशवी बघू लागले. तो काही बोलत नसे, पिशवी स्वतःच उघडून समोर धरायचा. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही, पिशवीत काही सापडलं नाही, तूट मात्र चालूच.

मला तेव्हा एक गोष्ट कळत नव्हती. तुटीचा आकडा ही फक्त उरलेली वजाबाकी असते. सुरुवातीचा साठा, अधिक बिलांवरची आवक, वजा विक्री, वजा परत पाठवलेला माल, वजा नोंदवलेलं डॅमेज. एवढ्यावरून पुस्तकात जे असायला हवं त्यातून प्रत्यक्ष मोजलेलं वजा केलं की तूट मिळते. यातली कुठलीही नोंद चुकली तरी ती चोरीसारखीच दिसते. त्यामुळे चोर शोधण्याआधी कागद तपासावे लागतात. मी ते उलट्या क्रमाने केलं.

कागद तपासायला बसले तेव्हा तीन आठवडे गेले. एका पुरवठादाराची दोन बिलं संगणकात दोनदा चढली होती, म्हणजे कधी आलाच नाही असा माल पुस्तकात बसून होता. मोजणीच्या दिवशी आलेल्या एका गाडीचं बिल आधी चढलं होतं आणि खोकी मात्र मोजून झाल्यावर आत आली. एका वस्तूचं खोकं 12 नगांचं झालं होतं, आम्ही जुन्या सवयीने 24 लिहीत होतो. काउंटरवर दोन वेगळ्या रंगांच्या वस्तू असल्या तरी एकाच रंगाचा बारकोड दोनदा मारला जायचा, त्यामुळे एक रंग कमी आणि दुसरा तेवढाच जास्त निघायचा. जिथे तुटीच्या शेजारीच तेवढीच वाढ दिसते, तिथे चोर नसतो, नोंदीची चूक असते. हे सगळं दुरुस्त केल्यावर 0.7 टक्का उतरला. फुटलेला, गळलेला माल न नोंदवता टाकून दिला जात होता. ज्या मालाचा आम्हाला माग लागला त्यावरून तो अंदाजे 0.4 भरला. तरी 1.2 टक्का उरलाच, आणि माझा संशयही.

मग मी अख्खं दुकान मोजणं सोडलं. लहान आणि महाग अशा पाच-सहाच वस्तू निवडल्या आणि दोन आठवडे रोज रात्री दुकान बंद झाल्यावर मोजल्या. त्यातली रेझर ब्लेडची पाकिटं सांगते. पहिल्या आठवड्याच्या सुरुवातीला 60 पाकिटं होती. बिलावर 96 आली, 88 विकली गेली, 2 डॅमेजमध्ये गेली. म्हणजे 66 असायला हवीत. मोजली तर 60. सहाची तूट. दुसऱ्या आठवड्यातही सहाच.

वर्षाच्या मोजणीत हे 'खूप कमी' एवढंच दिसलं असतं. रोजच्या वहीत मात्र तारीख दिसते. 14 दिवसांत पुरवठादाराची गाडी चार वेळा आली होती, आणि 12 पैकी 11 पाकिटांची तूट त्या चार दिवसांतच होती : 3, 3, 2, 3. उरलेल्या दहा दिवसांत मिळून एक. गाडी मंगळवारी आणि शनिवारी यायची. शनिवारी गर्दी असते, म्हणून तेव्हा गिऱ्हाइकांपैकी कुणी उचललं असेल असं म्हणता आलं असतं. पण मंगळवारी दुकान निवांत असतं आणि तूट जवळपास तेवढीच. शिवाय दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तो मुलगा रजेवर होता. ती वही समोर ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

आता आमच्या माल घेण्याच्या पद्धतीकडे बघा, म्हणजे फसवणूक किती सोपी होती ते कळेल. गाडी नेमकी काउंटरवर रांग असताना यायची. "ताई, गाडी मध्येच उभी आहे, पटकन सही द्या," असं म्हणत माणूस चलान पुढे करायचा. मी खोकी मोजायची, दोन लिहिलीत, दोन आहेत, सही. आतले नग कधीच मोजले नाहीत, कारण खोकी सीलबंद होती.

पुढच्या मंगळवारी मी चलान आधी घेतलंच नाही. त्या मुलाला खोकी उघडून नग मोजायला सांगितलं, पण किती असायला हवेत ते त्याला सांगितलं नाही. हे महत्त्वाचं आहे. आकडा आधी माहीत असला की माणूस मोजत नाही, जुळवतो. एका खोक्यात 22 निघाले, दुसऱ्यात 23. बिलावर 48. खोक्याची पट्टी हातात घेऊन पाहिली तर नव्या चिकटपट्टीखाली जुनी पट्टी होती, आणि जुनी काढताना पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलून निघालेला होता. तळाशी पुठ्ठ्याची घडी दाबून बसवलेली, आतली पाकिटं हलून आवाज होऊ नये म्हणून. आणणारा माणूस "गोदामातूनच असं आलं असेल" एवढंच म्हणाला आणि नजर टाळत उभा राहिला. ते वाटेत होत होतं की गोदामात, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुरवठादाराने त्या दिवसाच्या 3 पाकिटांची क्रेडिट नोट दिली, कारण त्या चलानावर 'मोजणीत 45' असं लिहून मी आणणाऱ्याचीही सही घेतली होती. मागच्या महिन्यांचं काही मिळालं नाही. त्या प्रत्येक चलानावर माल पूर्ण मिळाल्याची माझीच सही होती, तिथे वाद घालायला जागा नव्हती. परत पाठवलेल्या मालाचंही तेच निघालं. त्यांचा माणूस फुटका माल तोंडी घेऊन गेला होता आणि त्यातल्या बऱ्याच मालाची क्रेडिट नोट कधी आलीच नाही. आता परतीचा माल त्याच्या सहीच्या कागदाशिवाय दाराबाहेर जात नाही.

सगळी खोकी मोजणं शक्य नाही, आम्हीही मोजत नाही. महाग वस्तूंची सगळी आणि बाकीच्यांतली कुठलीही दोन उघडतो, कुठली ते आणणाऱ्याला आधी कळत नाही. गर्दीच्या वेळी आलेली गाडी थांबते, नाहीतर परत जाते. पहिले काही आठवडे कुरबूर झाली, मग गाडी दुपारीच येऊ लागली. रोजच्या मोजणीत ब्लेडची तूट आता महिन्याला एक-दोन पाकिटांवर आली आहे. ती बहुधा खरी चोरी असावी, कारण कधीमधी फळीमागे रिकामं पाकीट सापडतं.

त्या मुलाची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण पिशवीही सगळ्यांसमोरच तपासली होती. आवक मोजायचं काम आता त्याच्याकडे आहे. पहिल्या दिवशी तो निघताना सवयीने पिशवी उघडून माझ्यासमोर उभा राहिला होता.