बँकेच्या सुधारित शुल्कपत्रकानंतरचे बचत खाते: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खाते: एका खासगी बँकेचे साधे बचत खाते, पुण्यातील शाखा.
खातेदार: माझी आई, वय ७२. व्यवहार मी बघते.
नवे शुल्क लागू: १ जुलै २०२५.

हा अनुभव खात्यापेक्षा त्या सूचनेबद्दल जास्त आहे. मे महिन्याच्या शेवटी आईच्या ईमेलवर ‘सेवा शुल्कातील सुधारणा’ नावाची पीडीएफ आली. त्यात चार पानांचा तक्ता होता आणि त्याखाली बारीक अक्षरातल्या तळटिपा. त्या पत्रकातले आईच्या खिशाला नेमके काय लागू होते, हे मी तेव्हा काढून ठेवले आणि नंतर प्रत्येक महिन्याचे स्टेटमेंट त्याच्याशी ताडून पाहिले. अशी पत्रके सध्या बऱ्याच जणांना येत आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले की दमायला होते. मी आधी आईच्या खात्याचे मागच्या वर्षभराचे स्टेटमेंट काढले. तिचे व्यवहार ठरलेले आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज दर तिमाहीला जमा होते, एटीएममधून पैसे काढले जातात, वीजबिल आणि औषधे यूपीआयवरून, वर्षाकाठी दोन-तीन चेक. डिमांड ड्राफ्ट, लॉकर, ईसीएस परत जाणे, परदेशी व्यवहार, चेक थांबवणे यांपैकी एकही नोंद वर्षभरात नव्हती, म्हणून त्या सगळ्या ओळींवर काट मारली. चार पानांच्या तक्त्यातून तीनच ओळी उरल्या: एटीएम, डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क आणि किमान शिल्लक.

एटीएमची ओळ ठळक अक्षरात, वरच होती. मोफत व्यवहार संपल्यावर प्रत्येक व्यवहाराला २१ रुपयांऐवजी २३ रुपये. ही वाढ बँकेने मनाने केलेली नाही. रिझर्व्ह बँकेने १ मे २०२५ पासून कमाल मर्यादाच २३ रुपये केली, आणि बँकांनी ती उचलली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर २४ रुपये ७८ पैशांचे २७ रुपये १४ पैसे होतात, म्हणजे व्यवहारामागे २ रुपये ३६ पैसे जास्त. वर्तमानपत्रांत मथळे याचेच होते, पण आईच्या खात्यावर याचा परिणाम शून्य आहे, कारण ती मोफत मर्यादा ओलांडतच नाही.

इथे एक गोष्ट मात्र नीट बघावी लागली. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला मेट्रो शहरांत तीन आणि इतरत्र पाच व्यवहार मोफत असतात. या नियमापुरती मेट्रो शहरे सहाच आहेत: मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. पुणे त्यात नाही, त्यामुळे आईला पाच मिळतात. आणि हिशेब एटीएम कुठे आहे त्यावरून होतो, खाते कुठल्या शाखेत आहे त्यावरून नाही. ती मुंबईला मावशीकडे गेली की तिथल्या व्यवहारांना तीनची मर्यादा लागते. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार मोजला जातो. यंत्रात पैसे नसल्यामुळे किंवा तांत्रिक बिघाडामुळे व्यवहार फसला, तर तो मात्र धरता येत नाही.

गंमत अशी की त्याच पत्रकात दोन पानांनंतर किमान शिल्लकेच्या तक्त्यात पुण्याची शाखा ‘मेट्रो’ रकान्यात होती. तिथे वर्गवारी लोकसंख्येवरून होते आणि दहा लाखांच्या वरचे शहर मेट्रो धरले जाते. एकाच कागदावर पुणे एका ओळीत मेट्रो आणि दुसऱ्या ओळीत नाही. ज्या ओळीत जो निकष आहे तोच लावायचा, एका तक्त्यावरून दुसऱ्याचा अंदाज करायचा नाही.

कार्डाच्या शुल्काची ओळ मी लवकर बाजूला ठेवली. वाढ आहे, पण तळटिपेप्रमाणे ती कार्डाच्या पुढच्या नूतनीकरणापासून लागणार. आईचे कार्ड मार्चमध्ये नवे होते, म्हणजे १ जुलैला काहीच कापले जाणार नव्हते, आणि कापले गेलेही नाही.

खरा बदल तिसऱ्या ओळीत होता, आणि तो वरवर बघून दिसत नव्हता. जुना रकाना: १०,०००. नवा रकाना: १०,०००. आकडा तोच, दंडाचा दरही तोच, तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यापैकी जे कमी असेल ते. बदलले होते ते ओळीचे नाव. आधी ‘तिमाही सरासरी शिल्लक’ होते, आता ‘मासिक सरासरी शिल्लक’. सोबतच्या ‘ठळक बदल’ या यादीत ही ओळ नव्हतीच, कारण त्या यादीत फक्त आकडे बदललेल्या सेवा होत्या.

याने काय होते ते आईच्याच खात्यावर मांडून दाखवते. योजनेत तिचे दहा लाख आहेत. ८.२ टक्के दराने तिमाहीचे व्याज २०,५०० रुपये होते आणि ते तिमाहीच्या पहिल्या तारखेला खात्यात येते. १ जुलैला खात्यात आधीचे दीड हजार धरून २२,००० रुपये झाले. मग खर्च होत होत सप्टेंबरअखेर दोन हजारांच्या आसपास उरले. सरासरी काढताना रोज दिवसअखेर जी शिल्लक असते तिची बेरीज करून दिवसांच्या संख्येने भागतात. तिची जुलैची सरासरी १७,००० आली, ऑगस्टची १०,५००, सप्टेंबरची ५,०००. तिन्ही महिन्यांच्या ९२ दिवसांची मिळून सरासरी १०,८९७ रुपये होते. जुन्या नियमात ती बसली असती, दंड शून्य. नव्या नियमात जुलै आणि ऑगस्ट बसतात, सप्टेंबरला मात्र ५,००० ची तूट पडते. त्याचे ६ टक्के ३०० रुपये, वर जीएसटी ५४, एकूण ३५४. दर तिमाहीचा तिसरा महिना असाच जाणार असेल तर वर्षाला १,४१६ रुपये. तिच्या वागण्यात काही बदललेले नाही, खर्च तेवढाच, व्याज तेवढेच.

ज्यांचा पगार दर महिन्याला जमा होतो त्यांना या बदलाची झळ सहसा बसणार नाही. ज्यांचे पैसे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी किंवा हंगामावर येतात, त्यांनाच तो लागतो. व्याजावर जगणारे म्हातारे लोक यात पहिले सापडतात, आणि ईमेलला जोडलेली पीडीएफ उघडून बघणारे तेच सगळ्यात कमी असतात. याचा मला मनापासून राग आहे. ही ओळ ठळक अक्षरात असायला हवी होती.

हिशेब जूनमध्येच करून ठेवला होता, पण आईची मुदत ठेव ऑक्टोबरमध्ये संपणार होती आणि ती आधी मोडून पैसे खात्यात ठेवायला आई तयार नव्हती. त्यामुळे सप्टेंबरची तूट पडणार हे माहीत होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा एसएमएस आला की सप्टेंबरची सरासरी कमी पडली आहे, एक महिन्याच्या आत शिल्लक पूर्ववत केली नाही तर शुल्क लागेल. तोवर १ ऑक्टोबरचे व्याज जमा होऊन शिल्लक वीस हजारांच्या वर गेलेली होती. तरीही त्याच महिन्याच्या मध्यावर ३०० आणि ५४ अशा दोन नोंदींनी पैसे कापले गेले.

रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले, ते इथे उपयोगी पडले. तूट पडली की बँकेने ग्राहकाला कळवायचे, कळवल्यापासून किमान एक महिना द्यायचा, आणि तेवढ्यात शिल्लक भरली नाही तरच दंड घ्यायचा, असे त्यात आहे. दंड तुटीच्या प्रमाणात हवा आणि केवळ दंडामुळे खाते उणे जाता कामा नये, हेही त्यातच आहे. शाखेत मला ‘सिस्टीमनेच कापले’ एवढेच उत्तर मिळाले. मग तक्रार कक्षाला ईमेल केला. त्यात एसएमएसची तारीख, व्याज जमा झाल्याची तारीख, कपातीची तारीख आणि परिपत्रकाचा उल्लेख, एवढेच चार मुद्दे लिहिले आणि एसएमएसचा स्क्रीनशॉट जोडला. पुढच्या काही दिवसांत दोन्ही नोंदी उलटल्या, जीएसटीसकट. हे नमूद करते, कारण बऱ्याचदा मूळ शुल्क परत येते आणि कर राहून जातो, तेव्हा दोन्ही रकमा तपासाव्यात. तीस दिवसांत उत्तर आले नसते किंवा पटले नसते, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करायची तयारी ठेवली होती. तिथे जाण्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून फोनवर न बोलता ईमेलच केला.

बँकेच्या उत्तरात रक्कम परत केल्याचे होते, पुढे असे होणार नाही याबद्दल अक्षर नव्हते. दर तिमाहीला पत्रव्यवहार करायला नको म्हणून ऑक्टोबरमध्ये ठेव संपल्यावर त्यातले ६,००० रुपये खात्यातच ठेवले. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत टाकले असते तर वर्षाला ३९० रुपये मिळाले असते, बचत खात्यात अडीच टक्क्यांनी १५० मिळतील. म्हणजे २४० रुपयांचे नुकसान सोसून १,४१६ चा धोका टळतो. डिसेंबरची सरासरी दहा हजारांच्या वर राहिली आणि काही कापले गेले नाही.

दुसरा पर्याय होता मूलभूत बचत खात्याचा. त्यात किमान शिल्लकेची अटच नसते, महिन्याला चार वेळा पैसे काढणे मोफत असते, आणि प्रत्येक बँकेला ते द्यावे लागते. पण त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, आधीचे तीस दिवसांत बंद करावे लागते. व्याज जमा होण्यापासून वीजबिलापर्यंत सगळे याच खात्याला जोडलेले असल्याने आईने नको म्हटले. नव्याने सुरुवात करणाऱ्या ज्येष्ठ माणसाला मी हेच सुचवेन.

खात्याबद्दल विचाराल तर अ‍ॅप चांगले आहे, एटीएम जवळ आहे, शाखेतली माणसे आईशी आदराने वागतात. पाचपैकी तीन. एक गुण सरासरीच्या त्या ओळीसाठी कापला, दुसरा गुण महिना उलटायच्या आत पैसे कापल्याबद्दल. मार्चमध्ये कार्डाचे वाढीव शुल्क येईल. पत्रकातला आकडा अधिक १८ टक्के, एवढीच रक्कम आहे ना, ते स्टेटमेंटमध्ये बघून इथेच खाली लिहीन.