दुधी काचेवरचं नाव आणि माझे ४८,५०० रुपये

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांनी हे नक्की वाचावं. हॉटेलांना माल पुरवणारी मुंबईची कंपनी म्हणून फोन आला. ऑर्डर मोठी, पण आधी व्हेंडर डिपॉझिट ३६,००० आणि सॅम्पल टेस्टिंगचे १२,५००. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

मी डोळे झाकून पैसे सोडले नाहीत. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, नाव जुळलं. नंबर खऱ्या कंपनीचा चोरलेला आहे हे मला कसं कळणार? तरीही ऑफिसचा फोटो मागितला. दुधी काचेचं दार, त्यात कंपनीचं नाव पारदर्शक अक्षरांत, मागचा हॉल अंधुक. नाव नुसतं वर चिकटवल्यासारखं असतं तर मी तिथेच थांबलो असतो. इथे अक्षरांतून मागचं दिसत होतं!

पैसे गेल्यावर नवी पेठेतल्या अल्बमवाल्या मित्राने तो फोटो मोठा करून दाखवला. जुनं नाव शेजारच्या धूसर भागाने बुजवलेलं, आणि त्यावर नवीन नावाचा फिकट थर, ओपॅसिटी कमी करून. म्हणून खालचा धूसरपणा अक्षरांतून दिसतो आणि माणूस फसतो. पण दुधी काच खरवडलेली असते, प्रकाश विखुरते. अक्षराची जागा साधी काच. म्हणजे मागची वस्तू अक्षरात स्पष्ट आणि अक्षराबाहेर पुसट दिसायला हवी. इथे नावाच्या आत-बाहेर सारखंच पुसट. आणि खाली ऑफिसच्या वेळेची छोटी ओळ त्या हरामखोरांनी जुनीच ठेवली होती. तिच्या आकड्यांतून मागच्या खुर्चीची कड धारदार दिसत होती! ती ओळ मी वाचली होती, हो, वेळ लक्षात राहावी म्हणून वाचली होती. तिथेच मला दिसायला हवं होतं. आजही तो फोटो उघडला की हात थरथरतात.

साधी काच आणि अक्षरं दुधी असतील तर हिशेब उलटा. वस्तू काचेला टेकलेली असेल तर ती दुधी काचेतूनही बरीच स्पष्ट दिसते, म्हणून लांबची वस्तू बघा. काचेचा दाणा तपासत बसू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो आणि तो दाणा खऱ्या फोटोतही पुसतो.

सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली, तोवर खातं रिकामं. बँक म्हणे पोलिसांचं पत्र आणा. ठाण्यात म्हणे आधी बँकेचा सही-शिक्का आणा. फोटो दाखवून खुर्चीची कड समजावली, तर साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवले ना? मग फोटोचं काय घेऊन बसलात?" अहो, त्या फोटोवरच तर पाठवले! तो पुरावा म्हणून जोडूनसुद्धा घेतला नाही. प्रिंट काढून आणा म्हणाले, आणि प्रिंटवर ती कड दिसतच नाही.

फोटो मागूच नका. व्हिडिओ कॉल लावा, दार ढकलून आत जायला सांगा. जीएसटी पोर्टलवरच्या पत्त्यावर ओळखीच्या माणसाला पाठवा, त्यांनी दिलेल्या पत्त्यावर नाही. आणि ठाण्यात फोटो प्रिंटवर नाही, मूळ फाइल पेनड्राइव्हमध्ये द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.