वारस नोंदीसाठी नेलं आणि बक्षीसपत्र करून आणलं

आईच्या नावावर सातारा जिल्ह्यात सव्वा एकर बागायत होती. ती तिच्या माहेरून आलेली, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या जमिनीशी तिचा संबंध नाही. अण्णा गेल्यावर चौथ्या महिन्यात माझ्या सख्ख्या भावानं ती स्वतःच्या नावावर करून घेतली. आईनं सही केली, अंगठा दिला, पदर सारखा करून कॅमेऱ्यासमोर फोटोही काढू दिला. अण्णांच्या जमिनीला आपलं नाव लागतंय, असंच तिला वाटत होतं.

"वारसाची नोंद करायचीय, तुझी सही लागंल," एवढंच दादा म्हणाला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुय्यम निबंधक कार्यालयात विचारलं, "आजी, दस्त मान्य आहे ना?" ती हो म्हणाली. साक्षीला वहिनीचा भाऊ आणि दस्तलेखकाकडचा पोरगा. परत येताना दादानं तिला गरम भजी खाऊ घातली, हे ती अजून कौतुकानं सांगते. मला त्या सगळ्यात भजीच जास्त खुपतात.

खरं तर तिथंच ओळखायला हवं होतं. वारस नोंद तलाठ्याकडे होते, त्यासाठी निबंधकाकडे जावं लागत नाही. निबंधकाकडे फोटो आणि अंगठा झाला म्हणजे कसला तरी दस्त नोंदला गेला. मुलाला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं, त्यामुळे घरात पैशाची हालचालही दिसली नाही. फेरफाराची नोटीस आली ती वहिनीनं घेतली. आठ महिन्यांनी पीकविम्यासाठी मी सातबारा काढला, तेव्हा आईच्या जागी दादाचं नाव.

मग आम्ही दोन चुका केल्या. आधी निबंधकाकडे अर्ज दिला. उत्तर मिळालं की नोंदलेला दस्त रद्द करायचा अधिकार त्यांना नाही, कोर्टात जा. तेवढ्यात बाहेरचा एक एजंट म्हणाला, आजींच्या एकटीच्या सहीनं रद्दपत्र करू. केलंही. वकिलांनी ते पाहून बाजूला ठेवलं. पूर्ण झालेलं बक्षीसपत्र देणाऱ्याला एकट्यानं मागे घेता येत नाही, म्हणून त्या कागदाला किंमत नव्हती. पैसे गेले ते गेलेच, वर दोन महिने गेले.

हे महिने का जपायचे ते वकिलांनी सांगितलं. दस्त रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. दावा आईनंच करायचा, कारण सही तिची. मी नुसती बरोबर जायची.

मग त्यांनी आईला एकच गोष्ट तीन वेळा विचारली. "बक्षीसपत्र आहे हे ठाऊक होतं, पण पोराच्या धाकानं सही केली? की कागद कसला हेच ठाऊक नव्हतं?" आई दर वेळी म्हणाली, "मला वारसाचा कागद म्हनला." धाकानं केलेला दस्त वैध असतो, कोर्टानं रद्द केला तरच जातो. कागद कसला हेच खोटं सांगितलं असेल तर तो मुळातूनच निरर्थक ठरू शकतो. अनेक जण दाव्यात दोन्ही लिहून टाकतात आणि उलटतपासणीत अडकतात. शिवाय 'फसवलं' एवढंच लिहून चालत नाही. कोण, कधी, कुठं, नेमकं काय म्हणालं ते सगळं मांडावं लागतं.

नोंदलेला दस्त खरा धरूनच कोर्ट सुरुवात करतं, त्यामुळे पुरावा आम्हाला द्यायचा होता. मोतीबिंदूची कागदपत्रं होती. ई-पीक पाहणीत त्या हंगामाची नोंद आईचीच होती, पण दस्तात 'ताबा दिला' असं लिहिलं होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट एका फेरफारात सापडली. अण्णांच्या जमिनीची वारस नोंद दस्ताच्या १९ दिवस आधीच मंजूर झाली होती! म्हणजे ज्या कामाला आईला नेलं, ते काम शिल्लकच नव्हतं.

ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताकडे जायचा विचारही केला. २००७ च्या त्या कायद्यात सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन परत मिळू शकते, पण आमच्या दस्तात तशी अटच नव्हती. दादानं ती काळजी घेतलेली.

दावा लावला त्याच आठवड्यात वकिलांनी दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, निबंधकाकडे नोंदवली. महाराष्ट्रात नुसता दावा पुरत नाही. नोटीस नोंदलेली नसेल तर मध्येच जमीन विकत घेणारा 'मला ठाऊक नव्हतं' म्हणून हात वर करू शकतो. तात्पुरत्या मनाईचा अर्जही दिला.

निकाल अजून बाकी आहे. मागच्या महिन्यात कराडकडचा एक माणूस जमीन बघायला आला, विहिरीत डोकावला, आणि दादाला म्हणाला, सर्च काढून कळवतो. नोटीस दिसली असणार. त्याचा फोन परत आला नाही.