बोअरच्या पाण्यावर १५ लिटरचा गीझर: सव्वा वर्षानंतर

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं. नळाच्या जाळीवर पांढरी खडी धरते, बादल्या खरखरीत होतात. अशा पाण्यावर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, आतून काचेचा थर असलेला गीझर सव्वा वर्ष चालवला. तापवण्याबद्दल तक्रार नाही. पण पहिला हिवाळा संपता संपता पाणी तापताना आतून करकर, कडकड असा आवाज यायला लागला.

कॉईलवर क्षारांचा थर बसला की त्याखाली अडकलेलं पाणी उकळतं, त्याचा हा आवाज. वीजबिल फारसं वाढत नाही, कारण कॉईलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खरा धोका कॉईलला असतो. थरामुळे ती आतून जास्त तापते आणि एक दिवस जळते. थर्मोस्टॅटच्या नळीवरही खडी बसते, मग त्याला तापमान नीट कळत नाही.

सर्व्हिसिंगला खालची प्लेट उघडली तेव्हा शेजारी उभा राहून बघितलं. आधी एमसीबी बंद, मग टाकी रिकामी. कॉईलवर नखाएवढ्या जाडीची पापडी होती. मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरने ठोकायला निघाला, त्याला थांबवलं. तांब्याच्या आवरणाला तडा गेला तर शॉकची भीती. सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात कॉईल बुडवून ठेवली, फेस आला आणि बहुतेक पापडी सुटली. बाथरूमचं ॲसिड मात्र चुकूनही नको, ते धातूच खातं. बसवताना गॅस्केट नवीनच घ्यावं, जुनं पाझरतं.

माझ्या मते जास्त महत्त्वाचा तो ॲनोड रॉड. मॅग्नेशियमची ही कांडी पोलादाच्या आधी स्वतः गंजते, म्हणून काचेच्या थराला कुठे बारीक चीर असली तरी टाकी वाचते. आमची कांडी निम्म्याहून बारीक झाली होती आणि मधली लोखंडी तार एका जागी उघडी पडली होती. मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, अजून एक वर्ष जाईल.’ मी बदलूनच घेतली. कांडी काही शे रुपयांची. ती संपल्यावर मात्र टाकी गंजते, आणि भोक पडलेली टाकी कोणी दुरुस्त करत नाही.

तापमानाचा खटका कंपनीने ७५ अंशांवर ठेवला होता, तो ६० वर आणला. ६० अंशांच्या पुढे क्षार भराभर बसतात. फरक हिशेबातही दिसतो: १५ लिटर पाणी २५ वरून ७५ वर न्यायला साधारण २६ मिनिटं लागतात, ६० वर न्यायला १८. त्याखालीही मी जात नाही, कारण कोमट पाणी टाकीत साठून राहिलं तर लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलाची तर आणखी लवकर. त्यामुळे आमच्याकडे बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि हात घालून बघितल्यावरच मुलगी आत.